घटली, घटते आणि घटत असावी: एका शोधनिबंधाच्या क्रियापदांचे नऊ महिने

११ जानेवारी २०२४ रोजी मी माझा पहिला स्वतंत्र शोधनिबंध एका मराठी नियतकालिकाकडे पाठवला आणि ७ ऑक्टोबर रोजी त्याचा छापील अंक माझ्या हाती आला. या मधल्या काळात निबंधातील एकही आकडा बदलला नाही, कोष्टक तेच राहिले, नकाशाही तोच राहिला. बदलली ती गोषवारा, प्रस्तावना आणि निष्कर्ष या तीन भागांतील क्रियापदे, आणि तीही जवळजवळ सगळी. शोधनिबंध कसा लिहावा याची मार्गदर्शने मी पुष्कळ ऐकली होती. परंतु ‘घटली’ लिहावे की ‘घटते’, यावर कोणी पाच मिनिटेही बोलल्याचे मला आठवत नाही. म्हणून घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

मी सोलापुरातील एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. पीएच. डी.चे काम मोहोळ तालुक्यातील एका गावाच्या भूजलावर चालू आहे. गावाच्या वरच्या अंगाला एक जुना पाझर तलाव आहे. त्याच्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत, बांधाच्या खालच्या बाजूस असलेल्या आठ विहिरी आणि त्याहून दूर असलेल्या दहा विहिरी, अशा एकूण अठरा विहिरी मी निवडल्या. पाणी जमिनीच्या पातळीपासून किती खोल आहे, हे टेप सोडून मी नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा मे २०२३ मध्ये मोजले. या सहा महिन्यांत तलावालगतच्या विहिरींची पातळी सरासरी २.९ मीटरने उतरली आणि दूरच्या विहिरींची ४.६ मीटरने. माझे संशोधन एवढेच. विहिरींतून उपसा किती झाला, याची नोंद मी ठेवू शकले नव्हते; विहिरी एकाच पाणलोटातल्या होत्या आणि वर्षही एकच होते. या तीन मर्यादा पुढे महत्त्वाच्या ठरणार आहेत, म्हणून येथेच सांगते.

डिसेंबरात निबंध लिहून झाला. त्या वेळच्या यूजीसी-केअर या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीतील नियतकालिक निवडले. त्यांना निबंधासोबत मराठी आणि इंग्रजी असे दोन गोषवारे हवे होते, प्रत्येकी जास्तीत जास्त २०० शब्दांचे. शिवाय निबंध अन्यत्र पाठवलेला नसल्याचे हमीपत्र, मार्गदर्शकांचे सहीचे पत्र आणि साधर्म्य तपासणीचा अहवाल हवा होता. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साधर्म्य चालते; माझे सात टक्के आले. अहवाल मिळवण्यासाठी ग्रंथालयाच्या तीन फेऱ्या आणि चारशे रुपये लागले. सोलापुरात जानेवारीत भरणारी गड्ड्याची यात्रा सुरू झाली की सुट्ट्यांमुळे सही मिळणार नाही, या धास्तीने मी ११ तारखेलाच सगळे पाठवून मोकळी झाले. नवख्यांना एक सूचना: हमीपत्र आणि साधर्म्य अहवाल यांवरील निबंधाचे शीर्षक अक्षरशः एकच असावे. माझ्या एका कागदावर ‘पाझरतलाव’ असे जोडून पडले होते, तेवढ्यावरून कार्यालयाने निबंध आठवडाभर अडवून धरला.

पोच मिळाली आणि वाट पाहणे सुरू झाले. याच काळात, फेब्रुवारीच्या शेवटी, ज्यांच्या मळ्यात माझी तीन क्रमांकाची विहीर आहे त्या तात्यांचा फोन आला. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला होता आणि तलाव भरलाच नव्हता. तात्या म्हणाले, “मॅडम, तुम्ही म्हणला हुता तळ्याजवळच्या हिरीचं पाणी टिकतंय. आमची तर तळाला गेली की.” मी त्यांना पाऊस, पुनर्भरण वगैरे समजावून सांगितले. आपल्या निबंधातील एक वाक्य खोटे पडले आहे, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

२२ एप्रिल रोजी परीक्षकांचे अहवाल आले. पहिल्या परीक्षकाने नकाशाच्या प्रमाणाबद्दल दोन ओळी लिहून निबंध स्वीकारावा असे म्हटले होते. दुसऱ्याने सतरा शेरे दिले होते आणि त्यांतील अकरा क्रियापदांबद्दलचे होते. पहिल्या वाचनात मला राग आला. पाणी मोजायला उन्हातान्हात आम्ही हिंडायचे आणि यांनी व्याकरणाचा तास घ्यायचा, असे वाटले. दोन दिवस मी ती फाइल उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली, तेव्हा पहिलाच शेरा नीट वाचला: “आठ विहिरी, एक पाणलोट, एक वर्ष. ‘घटते’ हे क्रियापद एवढ्या पायावर उभे राहत नाही.” तेव्हा तात्यांचा फोन आठवला.

मूळ गोषवाऱ्याचा मुख्य भाग असा होता: “पाझर तलावामुळे विहिरींची पाणीपातळी टिकून राहते. प्रस्तुत शोधनिबंधात १८ विहिरींचा अभ्यास करण्यात येत आहे. तलावालगतच्या विहिरींची पातळी कमी घटते असे आढळून येते. दूरच्या विहिरींमध्ये मे महिन्यात पाणी कमी होते.” चारही वाक्ये वर्तमानकाळात आहेत, किंवा तशी वाटतात. ‘घटते’ असे म्हटले की ते कोठेही, केव्हाही खरे असले पाहिजे, असा नियम होतो. ‘घटली’ असे म्हटले की ती त्या अठरा विहिरींची, त्या सहा महिन्यांची हकिकत राहते. २०२४ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर तात्यांच्या विहिरीने ‘कमी घटते’ हे विधान खोटे पाडले. ‘कमी घटली’ हे विधान मात्र आजही खरे आहे आणि पुढेही राहील, कारण ते नोव्हेंबर २०२२ ते मे २०२३ याच काळापुरते बोलते. भूतकाळ वापरला की दावा लेचापेचा होतो, ही माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्या गोषवाऱ्यातील घटीचे वाक्य भूतकाळात लिहिले असते तरच मला ते छातीठोकपणे म्हणता आले असते.

एवढे कळूनही अकरा शेऱ्यांची उत्तरे एकटीने लिहिण्याचे धाडस होईना. आमच्या महाविद्यालयातून मराठीच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या बाई जुळे सोलापुरात राहतात. मे महिन्यातल्या तीन रविवारी, ऊन उतरल्यावर साडेपाचच्या सुमारास, मी छापील प्रत घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांना भूजलातले काही कळत नव्हते आणि तेच माझ्या पथ्यावर पडले, कारण वाक्याचा अर्थ त्यांना माझ्या मनातून नव्हे, कागदावरूनच काढावा लागत होता.

पहिल्याच बैठकीत त्या गोषवाऱ्याच्या शेवटच्या वाक्यावर थांबल्या. “‘पाणी कमी होते’ म्हणजे काय गं? कमी होतं असं म्हणायचंय, की कमी व्हायला लागतं असं?” मला तोपर्यंत तेथे दोन अर्थ दिसलेच नव्हते. ‘असणे’चा भूतकाळ ‘होते’ आणि ‘होणे’चा वर्तमानकाळही ‘होते’. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. मे २०२३ मध्ये पाणी कमी आढळले, असे मला सांगायचे होते. वाचणाऱ्याला मात्र मे आला की पाणी कमी होत जाते, असा सर्वसाधारण नियम वाचता येत होता. बोलताना मागचापुढचा संदर्भ सावरून घेतो, दोनशे शब्दांच्या गोषवाऱ्यात तेवढा संदर्भ नसतो. बाईंनी सगळ्या निबंधातील ‘होते’खाली पेन्सिलीने रेघा मारायला लावल्या. एकूण सव्वीस निघाले आणि त्यांतील नऊ दुहेरी अर्थाचे होते. भूतकाळ हवा होता तेथे ‘कमी आढळले’ केले, नियम सांगायचा होता तेथे ‘घटते’ केले. मराठीत शोधनिबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाने संगणकाच्या शोधचौकटीत ‘होते’ हा शब्द घालून एकदा सगळी फाइल तपासावी, असे मी आग्रहाने सांगेन. मला त्यासाठी चाळीस मिनिटे लागली.

दुसरा बळी ‘आढळून येते’ आणि ‘दिसून येते’ यांचा गेला. आपल्याकडच्या अहवालांत आणि प्रबंधांत हे शब्द इतके मुरले आहेत की ते लिहिले नाहीत तर वाक्य शास्त्रीय वाटत नाही. पण ‘आढळून येते’ म्हणजे जो कोणी जाईल त्याला ते आढळते. मला आढळले होते, एकदाच. बाईंनी आणखी एक बारकावा दाखवला, जो परीक्षकाच्या शेऱ्यातही होता परंतु मला समजला नव्हता. अशा वाक्यात दोन क्रियापदे असतात, एक आतले आणि एक बाहेरचे, आणि दाव्याचा भार आतल्यावर असतो. ‘पातळी कमी घटते असे आढळले’ या वाक्यात बाहेरचे क्रियापद भूतकाळी करून मी सुटले असे मला वाटत होते. पण आतले ‘घटते’ जसेच्या तसे राहिल्यामुळे नियम सांगितला तो सांगितलाच, फक्त तो मला केव्हातरी सापडला एवढीच भर पडली. ‘पातळी कमी घटल्याचे आढळले’ असे केल्यावर वाक्य खरे झाले. शेवटी आम्ही बाहेरचे क्रियापद काढूनच टाकले आणि नुसते ‘पातळी २.९ मीटरने घटली’ असे लिहिले. ते वाक्य मला आज निबंधातील सर्वांत चांगले वाटते.

‘अभ्यास करण्यात येत आहे’ याचा निकाल मात्र चटकन लागला. मोजणी संपून वर्ष झाले होते. अपूर्ण वर्तमानकाळ हा नोंदणीच्या वेळी द्यायच्या संशोधन आराखड्यातून उचललेला होता. आराखड्यात तो शोभतो, कारण काम चालू असते. निबंधात ‘मोजली’ एवढेच पुरते. येथे एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे: अभ्यास भूतकाळात झाला, निबंध मात्र वाचकासमोर आत्ता आहे. म्हणून ‘या अभ्यासात अठरा विहिरींची पातळी मोजली’ आणि ‘हा निबंध दोन गटांतील घट तपासून पाहतो’ ही दोन्ही वाक्ये एकाच परिच्छेदात शेजारी राहू शकतात आणि त्यांचे काळ वेगळे असूनही त्यांत विसंगती नसते.

दुसरा रविवार प्रस्तावनेत गेला. तेथे चूक बरोबर उलटी निघाली. मी लिहिले होते: “दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी विघटित थरात आणि सांध्या-भेगांत साठत असल्याचे दिसून आले.” परीक्षकाने समासात विचारले होते, “कोणाला दिसून आले? आपल्याला?” ही गोष्ट भूशास्त्रात कधीच स्थिरावली आहे. ती भूतकाळात घातल्यामुळे एक तर ती माझीच निरीक्षणे असल्यासारखे वाटत होते, किंवा ती अजून पक्की झालेली नाही असा संशय येत होता. येथे ‘साठते’ हाच काळ हवा, कारण हा नियम आहे आणि तो माझा नाही. त्याच परिच्छेदात ‘मोहोळ तालुका अवर्षणप्रवण असतो’ असेही मी लिहिले होते. बाई हसल्या. तालुका एकच आहे, तो अवर्षणप्रवण ‘आहे’. बेसाल्टमधील पाण्याचे साठे मर्यादित ‘असतात’. एका ठिकाणाची स्थिती ‘आहे’ने सांगायची आणि जातीचा धर्म ‘असतो’ने, हा भेद मराठी बोलणारे पोरही चुकत नाही. शास्त्रीय लिहायला बसल्यावर मात्र मी चुकले होते.

पूर्वीच्या अभ्यासांबद्दल लिहिताना तीन वेगवेगळ्या काळांची गरज पडली आणि माझा सर्वांत जास्त वेळ तेथेच गेला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांतून राज्यात पाझर तलाव बांधले गेले, ही इतिहासातली घटना आहे. तिला साधा भूतकाळ पुरतो. ‘पाझर तलावांच्या पुनर्भरणावर पुष्कळ काम झाले आहे’ या वाक्यात काम होऊन गेले असले तरी त्याचे फलित आजही आपल्यासमोर आहे आणि माझा निबंध त्याच्यावरच उभा आहे; म्हणून पूर्ण वर्तमानकाळ. मी मात्र दोन ठिकाणी ‘अमुक अभ्यासकांनी असे म्हटले होते’ असा पूर्ण भूतकाळ वापरला होता. परीक्षकाचा प्रश्न: “म्हटले होते, म्हणजे आता म्हणत नाहीत काय? की आपण पुढे त्यांचे खंडन करणार आहात?” मी खंडन करणार नव्हते. ‘होते’ लावल्याने वाक्य जरा भारदस्त वाटते, एवढेच कारण होते. पण वाचकाला ‘म्हटले होते’ यापुढे ‘परंतु’ची अपेक्षा असते. तो ‘परंतु’ येणार असेल तरच पूर्ण भूतकाळ वापरावा.

प्रस्तावनेतील उणिवेचे वाक्य, म्हणजे आजवर काय झाले नाही ते सांगणारे, सर्वांत नाजूक असते. इंग्रजी शोधनिबंधांच्या प्रस्तावनांचा अभ्यास करणाऱ्या जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये जो आराखडा मांडला, त्यात आधी क्षेत्र दाखवणे, मग त्यातील रिकामी जागा दाखवणे आणि शेवटी ती जागा आपण घेणे, अशा तीन चाली आहेत. माझी दुसरी चाल फसली होती. ‘या तालुक्यात अशी तुलना झाली नाही’ असे मी लिहिले होते. बाईंच्या मते ‘झाली नाही’ हे एखाद्या ठरलेल्या वेळी न घडलेल्या गोष्टीला शोभते, जशी परवाची बैठक झाली नाही. जागा अजून रिकामी आहे हे सांगायला ‘झालेली नाही’ हवे. परीक्षकाला आणखी एक खोच सापडली होती: ‘झालेली नाही’ हे विधान तालुक्याबद्दल नसून माझ्या वाचनाबद्दल आहे. म्हणून अंतिम वाक्य असे झाले: “उपलब्ध प्रकाशित साहित्यात या पाणलोटातील विहिरींची अशी तुलना केलेली आढळत नाही.” येथे ‘आढळत नाही’ हा वर्तमानकाळ योग्य आहे, कारण कोणीही आज शोधले तरी हेच व्हावे असा माझा दावा आहे आणि तो तपासता येतो.

याच बैठकीत बाईंनी मला एक चाचणी दिली. कोणत्याही वाक्याच्या आधी मनातल्या मनात एक शब्द लावून पाहायचा. ‘त्या वर्षी’ हा शब्द बिनतक्रार बसला तर साधा भूतकाळ. ‘आजपर्यंत’ बसला तर ‘आहे’ जोडलेले पूर्ण रूप. ‘नेहमी’ बसला आणि आपल्या पदरी त्याचा पुरावा असला तर ‘साठते’, ‘असते’. ‘या पानांत’ बसला तर ‘मांडतो’, ‘तपासतो’. माझ्या पहिल्या मसुद्यातील ‘पातळी कमी घटते’ यापुढे ‘नेहमी’ लावून पाहिले आणि मीच शरमले. या चाचणीला मर्यादा आहे: एखाद्या वाक्यात दोन शब्द सारखेच बसतात, आणि तेव्हा बहुधा वाक्यातच दोन दावे एकत्र कोंबलेले असतात. तसे वाक्य तोडावे लागते.

निष्कर्षाला तिसरा रविवार आणि त्यानंतर मार्गदर्शक सरांची एक भेट लागली. निष्कर्षात एकच काळ चालत नाही, कारण तेथे निबंध हकिकतीकडून अर्थाकडे जातो आणि क्रियापदांनी ती पायरी दाखवावी लागते. आधी हकिकत पुन्हा सांगायची: पातळी इतकी घटली. मग तिचा अर्थ: “यावरून तलावाचे पाणी लगतच्या विहिरींना पोहोचत असल्याचे सूचित होते.” येथे ‘सूचित होते’ हा वर्तमानकाळ आहे, कारण आकड्यांवरून निघणारे अनुमान आत्ताही निघते, पण मुख्य शब्द ‘सूचित’ असल्यामुळे त्याला नियमाचे बळ मिळत नाही. मग कारण: “लगतच्या विहिरींवरील उपसा तुलनेने कमी असणे हेही या फरकाचे एक कारण असू शकते.” उपसा मी मोजलाच नव्हता, त्यामुळे ‘आहे’ म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. ‘असावे’ आणि ‘असू शकते’ यांवरही आम्ही बराच वेळ घालवला. ‘असावे’ म्हणजे बोलणाऱ्याला ते तसेच असेल असे वाटते. ‘असू शकते’ म्हणजे शक्यता नाकारता येत नाही, एवढेच. तलावाच्या परिणामाला आम्ही एके ठिकाणी ‘असावा’ दिले आणि उपशाच्या कारणाला ‘असू शकते’. सरांनी शेवटी एक वाक्य जोडायला लावले: “तलाव न भरलेल्या वर्षी हा फरक टिकतो की नाही, हे तपासावे लागेल.” तात्यांच्या विहिरीची हकिकत मी सरांना सांगितली होती. ती मोजणी पद्धतशीर नसल्याने निबंधात घालता येणार नाही, असे ते म्हणाले, आणि ते बरोबरच होते. पण तिच्यासाठी भविष्यकाळाची एक जागा निष्कर्षात ठेवता आली.

शीर्षकात क्रियापद नसते, म्हणून मी त्याकडे पाहिलेच नव्हते. ‘पाझर तलावामुळे विहिरींच्या पाणीपातळीत होणारी सुधारणा’ असे ते होते. ‘मुळे’ आणि ‘होणारी’ या दोन शब्दांनी तेथे न मोजलेले कारण आणि न तपासलेला नियम दोन्ही आधीच जाहीर केले होते. ते ‘पाझर तलावालगतच्या आणि दूरच्या विहिरींतील पाणीपातळीची घट: नोव्हेंबर २०२२ ते मे २०२३’ असे झाले. शीर्षक बदलले की हमीपत्र आणि सरांचे पत्र पुन्हा लागते, हे संपादकीय कार्यालयाने नंतर कळवले. आणखी दोन फेऱ्या.

इंग्रजी गोषवारा मी सर्वांत शेवटी केला आणि तोच आधी करायला हवा होता, असे आता वाटते, कारण इंग्रजीत या गोष्टी जास्त उघड्या पडतात. माझ्या पहिल्या इंग्रजी मसुद्यात ‘स्टडी रिव्हील्स दॅट वॉटर लेव्हल डिक्लाइन्स लेस’ असे होते, म्हणजे मराठीतलीच चूक. ती ‘डिक्लाइन्ड’ झाली. पद्धतीच्या वाक्यात ‘वॉज मेजर्ड’, अर्थ सांगताना ‘सजेस्ट’. आपल्याला नडते ती एक गोष्ट वेगळी सांगते: मराठीत ‘१९७२ साली बांधले आहेत’ असे म्हटलेले कानाला खटकत नाही, इंग्रजीत मात्र नेमके साल आले की ‘हॅव बीन बिल्ट’ चालत नाही, ‘वेअर बिल्ट’ लागते. मानसशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने त्यांच्या शाखेतील एपीए शैलीचा दाखला दिला. तिच्यात पद्धत आणि निष्पत्ती भूतकाळात आणि निष्कर्ष व त्यांचा अर्थ वर्तमानकाळात लिहावा असे सांगितले आहे. उलट साहित्याचे समीक्षक ‘कवी येथे म्हणतो’ असे सर्रास वर्तमानकाळात लिहितात आणि त्यांचे ते बरोबर आहे, कारण कविता आजही तेच म्हणते. तेव्हा दुसऱ्या शाखेचा नियम डोळे मिटून घेऊ नये. ज्या नियतकालिकाला पाठवायचे त्याचे आपल्याच विषयातील चार-पाच गोषवारे समोर ठेवून त्यांतील क्रियापदे अधोरेखित करावीत. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होते.

१४ जून रोजी सुधारित निबंध आणि शेऱ्यांना मुद्देसूद उत्तरे पाठवली. उत्तरपत्रात प्रत्येक शेऱ्याखाली जुने वाक्य, नवे वाक्य आणि एका ओळीत कारण, अशी मांडणी केली. दुसऱ्या परीक्षकाने ५ ऑगस्टला एकच शेरा पाठवला: निष्कर्षातील एक ‘दिसून येते’ अजून शिल्लक आहे. होते खरे. ते काढून पाठवल्यावर २० ऑगस्टला स्वीकृती आली आणि पंधराशे रुपये प्रक्रिया शुल्क भरले.

मुद्रित २१ सप्टेंबरच्या शनिवारी आले. तपासायला ४८ तास होते. आकडे, नकाशा, नावे पाहून झाल्यावर सवयीने क्रियापदे वाचली, तर गोषवाऱ्यातील दोन्ही ‘घटली’ कोणीतरी ‘घटते’ करून टाकले होते. समोर ‘काळाची एकरूपता’ अशी टीप होती. शेजारच्या वाक्यात ‘हा निबंध तपासतो’ असल्यामुळे मुद्रितशोधकाला ते विजोड वाटले असावे. भांडण न करता समासात लिहिले: “हे काळ हेतुतः भिन्न आहेत, मोजलेली घट २०२२-२३ पुरतीच आहे. कृपया ‘घटली’ ठेवावे.” सोमवारी सकाळी फोनही केला. छापील अंकात ‘घटली’ आहे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अंकाची एक प्रत घेऊन गावी गेले. तात्यांनी चष्मा लावून गोषवारा सावकाश वाचला आणि म्हणाले, “हे त्या पाण्याच्या सालाचं लिवलंय व्हय? मग बराबर हाय.” यंदा तलाव भरला आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टेप घेऊन पुन्हा अठराही विहिरींवर जायचे ठरले आहे आणि या वेळी पंप किती तास चालतो याची वही प्रत्येक मळ्यात ठेवायची आहे.